शोधाच्या यादीत नव्या लेखांना जागा: प्रकल्प नोंदी

3 मार्च

सुरुवात एका तक्रारीने झाली. मदत-लेख लिहिणाऱ्या गटातल्या सहकारी सकाळीच आल्या. "खातं दुसऱ्या उपकरणावर हलवण्याचा लेख मी पूर्ण नव्याने लिहिला, जुन्यातल्या दोन पायऱ्या आता लागूच होत नाहीत. तरी शोधात अजून जुनाच पहिला येतो. माझा कुठे आहे?"

शोधून पाहिलं. त्यांचा लेख चौदाव्या जागी होता, आणि आमची यादी दहा जागांची आहे. म्हणजे तो कुणाला दिसलेलाच नाही.

कारण समजायला वेळ लागला नाही. आमची क्रमवारी दोन गोष्टींवर चालते: शब्द किती जुळतात आणि आजवर क्लिक किती मिळाले. जुन्या लेखाच्या खात्यात वर्षभराचे क्लिक जमा आहेत, नव्याच्या खात्यात शून्य. क्लिक नाहीत म्हणून वर येत नाही, वर येत नाही म्हणून क्लिक नाहीत. गेल्या 90 दिवसांत आलेले 310 लेख तपासले. त्यातले 260 एकदाही पहिल्या दहात आलेले नाहीत. ते वाईट आहेत की चांगले, हे आम्हाला माहीतच नाही, आणि क्रमवारी मात्र ते वाईटच आहेत असं धरून चालली आहे.

आजपासून हाच प्रकल्प. जुन्या लेखाला लेख अ आणि नव्याला लेख ब म्हणतो. हीच जोडी शेवटपर्यंत तपासत राहायची असं ठरवलं आहे.

5 मार्च

पद्धत निवडली. हा प्रश्न बहुभुजी बँडिटचा आहे: समोर अनेक खटके, प्रत्येकाचा मोबदला वेगळा आणि अज्ञात. प्रत्येक वेळी एक ओढायचा, आणि त्यातूनच कमवायचंही आणि शिकायचंही. तीन पर्याय तोलले.

पहिला सर्वात सोपा: शंभरात पाच वेळा वाटेल तो लेख दाखवायचा, बाकी वेळ सर्वोत्तम. यात जो लेख दहादा नापास झाला आहे त्यालाही तितकीच संधी मिळत राहते. दुसरा यूसीबी1: प्रत्येक लेखाच्या सरासरीला अनिश्चिततेचा वाढावा जोडायचा आणि सर्वात मोठी बेरीज वर ठेवायची. हे गणित 2002 सालचं, नीट सिद्ध केलेलं आहे. तिसरा थॉम्पसन सॅम्पलिंग. विल्यम थॉम्पसन यांनी 1933 मध्ये दोन उपचारांपैकी कोणता चांगला हे रुग्णांवरच शिकत जाण्यासाठी तो मांडला होता. यात प्रत्येक लेखाच्या क्लिक-दराबद्दलचा आपला अंदाज एका वितरणात ठेवायचा, प्रत्येक शोधाच्या वेळी त्यातून एकेक आकडा उचलायचा, आणि त्या आकड्यांप्रमाणे यादी लावायची. ज्याच्याबद्दल खात्री कमी त्याचे आकडे जास्त पसरलेले, म्हणून तो मधूनमधून वर येतो. खात्री वाढली की पसारा आपोआप आवळतो.

थॉम्पसन घेतला, आणि त्याचं मुख्य कारण आमच्या यंत्रणेत आहे. आमचे क्लिक दर सहा तासांनी एकदम मोजले जातात. यूसीबी1 त्या सहा तासांत दर वेळी तीच यादी दाखवील, कारण मधे काहीच बदलत नाही. थॉम्पसन मधल्या काळातही दर वेळी नवे आकडे उचलतो, त्यामुळे एका चुकीच्या अंदाजावर सहा तास अडकून राहत नाही.

क्लिक कशाला म्हणायचं तेही ठरवलं. लेख उघडून वाचणारा 20 सेकंदांच्या आत यादीवर परतला, तर तो क्लिक धरायचा नाही. नाहीतर आकर्षक मथळ्याचे पण आत काही नसलेले लेख जिंकतील. यापुढे या नोंदींत क्लिक म्हणजे असा टिकलेला क्लिक.

10 मार्च

शंभरातल्या दोन शोधांवर चालू केलं आणि तीन तासांत बंद केलं. यादीत वरपासून खालपर्यंत नवेच लेख.

दोष सुरुवातीच्या अंदाजात होता. नव्या लेखाला मी `Beta(1, 1)` दिला होता. "आम्हाला काहीच माहीत नाही, 0 ते 1 मधला कोणताही दर सारखाच शक्य" असा त्याचा अर्थ. दिसायला अगदी निष्पक्ष. पण त्याची सरासरी 0.5 आहे, आणि आमच्याकडे पहिल्या जागेवरच्या चांगल्या लेखाचाही दर 0.12 च्या आसपास असतो. म्हणजे कोऱ्या लेखाचा उचललेला आकडा 0.12 च्या वर असण्याची शक्यता 0.88. दहातल्या जवळपास नऊ वेळा तो वर्षभर सिद्ध झालेल्या लेखाला हरवतो. असे आठ-दहा नवे लेख एकत्र आले की जुन्यांना जागाच उरत नाही.

आणि खरं तर आम्हाला काहीच माहीत नाही असं नाहीच. आजवरच्या लेखांचे दर आमच्याकडे आहेत: सरासरी 0.08, प्रमाण विचलन 0.04. नवा लेख बहुधा याच घोळक्यातला असणार. त्यावरून सुरुवात काढायची, m ही सरासरी आणि v हा प्रमाण विचलनाचा वर्ग:

```
a + b = m(1-m)/v - 1 = 0.0736/0.0016 - 1 = 45
a = 45 * 0.08 = 3.6
b = 45 - 3.6  = 41.4
```

आता लेख अ शी तुलना. त्याचे 2,000 वेळा दिसून 240 क्लिक, म्हणजे या सुरुवातीसह दर 0.119. `Beta(3.6, 41.4)` मधून उचललेला आकडा याच्या वर जाण्याची शक्यता साधारण सहात एक. मला हवं होतं तेच हे: नव्याला दार उघडं, पण धक्काबुक्की नाही.

11 मार्च

पुन्हा चालू. यादी आता ओळखीची दिसते, मधेच एखादा नवा लेख. लेख ब बहुतेक वेळा आठव्या जागी येतो.

17 मार्च

आठवडा झाला. लेख ब 400 वेळा दाखवला गेला, क्लिक 8. अंदाज झाला (3.6 + 8) / (45 + 400), म्हणजे 0.026. वितरण इतकं आवळलं आहे की 0.119 पर्यंत त्याचा आकडा आता कधी पोचणारच नाही. कागदावर प्रयोग पुरा: नवा लेख तपासला, नापास झाला.

पण मला हे पटेना. लेख मी दोन्ही वाचले आहेत आणि ब उघडच चांगला आहे. दुपारी ती सहकारी आणि मी एकत्र बसून काही शोधांची नोंद पाहिली. बऱ्याच जणांनी पहिले दोन-तीन मथळे पाहिले आणि तिथेच थांबले. त्या म्हणाल्या, "अहो, माझा लेख त्यांनी नाकारला कुठे? त्यांनी तो बघितलाच नाही."

सगळी चूक या एका वाक्यात आहे. एकट्या खटक्याच्या बँडिटमध्ये खटका ओढला की निकाल मिळतोच. यादीत तसं नसतं. दाखवणं वेगळं आणि दिसणं वेगळं. आठव्या जागी क्लिक न मिळणं हा बहुतेक वेळा लेखाविरुद्धचा पुरावा नसून कसलाच पुरावा नसतो. मी मात्र प्रत्येक दाखवणं लेखाच्या विरोधात मोजत होतो. पूर्वीची क्रमवारी नव्या लेखांना न पाहता डावलत होती. माझी नवी पद्धत तेच करत होती, फक्त पुराव्याचा आव आणून.

म्हणून आता एकक बदलतो. "दाखवणं" मोजायचं नाही, "नजर" मोजायची. पहिल्या जागेवर दाखवलं की एक पूर्ण नजर. खालच्या जागेवर दाखवलं की नजरेचा अंश. तो अंश किती, हे मात्र मोजावं लागेल.

18 मार्च

नुसते जागेनुसार क्लिक मोजून हा अंश मिळत नाही. पहिल्या जागेला क्लिक जास्त मिळतात ते नजर जास्त पडते म्हणून, आणि तिथे चांगला लेख असतो म्हणूनही. दोन्ही कारणं एकमेकांत विणलेली आहेत. ती सोडवायची तर तोच लेख दोन जागांवर ठेवून पाहायला हवा.

म्हणून अदलाबदलीचा प्रयोग लावला. शंभरातल्या तीन शोधांत तिसऱ्या जागेचा लेख एका यादृच्छिक जागेच्या लेखाशी बदलायचा, बाकी यादी तशीच. पहिल्या जागेऐवजी तिसरी धरली, कारण सर्वात उपयोगी लेख आठव्या जागी ढकलला तर त्याची झळ शोधणाऱ्या माणसाला बसते. तिसऱ्याच्या बाबतीत ती कमी बसते, आणि आपल्याला गुणोत्तरच हवं असल्याने आधाराची जागा कोणतीही चालते.

26 मार्च

आकडे आले. तिसऱ्या जागेवरचे लेख जागचे न हलता 10,000 वेळा दाखवले तेव्हा क्लिक 480. तेच लेख आठव्या जागी नेले तेव्हा 10,000 मागे 131. गुणोत्तर 0.27. पहिल्या जागेच्या मानाने तिसऱ्या जागेची नजर 0.44 निघाली, म्हणून आठवीची 0.44 × 0.27, म्हणजे 0.12. चौथीची 0.34, नववीची 0.10.

आता लेख ब पुन्हा मोजला. 400 वेळा आठव्या जागी, म्हणजे 48 नजरा. 48 नजरांत 8 क्लिक. अंदाज (3.6 + 8) / (45 + 48), म्हणजे 0.125. लेख अ च्या 0.119 च्या पुढे!

तेच 400, तेच 8. एका मोजणीत लेख कायमचा गाडला जातो, दुसरीत तो पहिल्या जागेचा दावेदार ठरतो. खात्री अजून कमी आहे, पण ती मिळवण्याइतका तो आता वर येईल. हे सहकाऱ्यांना दाखवताना मला मनापासून आनंद झाला.

27 मार्च

रात्री मोजणी कोसळली. नोंदीत एकच ओळ:

```
ValueError: b <= 0
```

बीटा वितरणाचा दुसरा आकडा शून्याखाली गेला. मी तो असा वाढवत होतो: सुरुवातीचे 41.4, अधिक नजरा, वजा क्लिक. आठव्या जागी एक क्लिक मिळाला की नजर 0.12 वाढते आणि क्लिक 1 वजा होतो. म्हणजे खालच्या जागेवरचा प्रत्येक क्लिक हा आकडा खाली ओढतो. सहसा मधल्या क्लिक नसलेल्या नजरा तो भरून काढतात. एका लेखाच्या बाबतीत त्यांनी काढला नाही: नववी जागा, 500 वेळा दाखवला, 94 क्लिक. 41.4 + 50 − 94, म्हणजे −2.6.

पण 50 नजरांत 94 क्लिक कसे? न पाहता क्लिक होत नाही.

28 मार्च

दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि पहिलीच दुरुस्त करून थांबलो असतो तर दुसरी हातातून निसटली असती.

पहिली गणिताची. नजरा बीटामध्ये थेट मिळवणं ही एक ढोबळ सोय होती. k या जागी क्लिक मिळण्याची शक्यता आहे नजर गुणिले दर, आणि न मिळण्याची एक वजा तोच गुणाकार. हे बीटाच्या साच्यात नेमकं बसत नाही. म्हणून साचा सोडला आणि 400 बिंदूंच्या जाळीवर थेट मोजणी केली, theta म्हणजे दर आणि kappa म्हणजे त्या जागेचा नजरेचा अंश:

```python
theta = np.linspace(0.001, 0.999, 400)
logp = 2.6*np.log(theta) + 40.4*np.log1p(-theta)
for k, n, c in rows:   # जागा, दाखवणं, क्लिक
    logp += c*np.log(theta) + (n-c)*np.log1p(-kappa[k]*theta)
p = np.exp(logp - logp.max()); p /= p.sum()
draw = rng.choice(theta, p=p)
```

आता काहीच शून्याखाली जात नाही. त्या लेखावर चालवलं, तर वितरणाचं शिखर 0.6 च्या वर गेलं. आमच्या संपूर्ण संग्रहात कुठल्याच लेखाचा दर याच्या जवळपास नाही. म्हणजे गणित बिनचूक असूनही उत्तर अशक्य. हे आधीपासून वापरलं असतं तर काहीही कोसळलं नसतं, तो लेख गुपचूप पहिल्या जागी जाऊन बसला असता आणि मला पत्ताही लागला नसता.

म्हणून दुसरी गोष्ट: नजरेचे अंश या शोधाला लागूच पडत नव्हते. शोध होता एका त्रुटी-क्रमांकाचा. क्रमांक शोधणारा माणूस पहिल्या तीन मथळ्यांवर थांबत नाही. त्याला नेमका तोच क्रमांक हवा असतो, म्हणून तो यादी तळापर्यंत चाळतो. अशा शोधात नवव्या जागेवरही नजर चांगलीच पडते. मी सगळ्या शोधांची सरासरी काढून ती सगळ्यांना लावली होती.

अदलाबदलीच्या नोंदी दोन गटांत पुन्हा मोजल्या: क्रमांक किंवा नेमकं नाव असलेले शोध आणि बाकीचे. पहिल्या गटात नववीची नजर 0.45 निघाली. 500 × 0.45, म्हणजे 225 नजरा, त्यात 94 क्लिक. दर 0.42 च्या आसपास, सुरुवातीच्या अंदाजाने आणखी खाली ओढलेला. नेमका शोध आणि नेमका लेख असेल तर हे अगदी शक्य आहे. या गटाची सुरुवातही वेगळी काढायला हवी, कारण इथे दर मुळातच उंच असतात.

एक पहारा कायमचा बसवला: पुरेशा वेळा दाखवलेल्या कुठल्याही लेखाचे क्लिक त्याच्या नजरांपेक्षा जास्त झाले, की मोजणी थांबवून इशारा. असं घडलं तर लेख असाधारण नसतो, नजरेचा अंश चुकलेला असतो.

2 एप्रिल

छोटी पण त्रासदायक गोष्ट. दर शोधाला नवे आकडे उचलतो म्हणून मागे जाऊन तीच यादी उघडली तर क्रम बदललेला. "मघाशी दुसरा होता तो लेख कुठे गेला?" अशा तक्रारी आल्या. आता यादृच्छिक आकड्याचं बीज वापरणारा, शोध आणि सहा तासांची पाळी या तिघांवरून ठरतं. एका पाळीत एका माणसाला एकच यादी, वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या. शिकण्यात काही फरक पडत नाही. बीज नोंदीतही जातं, त्यामुळे कुठलीही यादी नंतर जशीच्या तशी उभी करता येते.

9 एप्रिल

नव्या लेखांना कुठल्या जागा द्याव्यात यावर बराच विचार झाला. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, "खाली ठेवा, तिथे कुणाचं नुकसान होत नाही." ते खरं आहे, कारण आठव्या जागेवरून जो लेख हटतो तो स्वतःच फारसा चालत नसतो. पण तिथे शिकणंही तितकंच मंद होतं.

एखाद्या लेखाबद्दल निर्णय घ्यायला साधारण 100 नजरा लागतात. समजा त्याचा खरा दर 0.06 आहे. 100 नजरांत 6 क्लिक आले की 0.119 च्या लेखाला तो शंभरात एक-दोनदाच हरवू शकतो, म्हणजे व्यवहारात तो बाजूला पडतो. या 100 नजरा आठव्या जागी जमवायला 833 वेळा दाखवावा लागतो, चौथ्या जागी 294 वेळा. खातं हलवण्याचा शोध आमच्याकडे दिवसाला सुमारे 60 वेळा होतो. म्हणजे आठव्या जागी 14 दिवस, चौथ्या जागी 5. नव्या लेखाला दोन आठवडे ताटकळत ठेवणं हेही नुकसानच आहे. ते आमच्या आकड्यांत दिसत नाही, पण तेवढे दिवस जुन्या पायऱ्या वाचत बसणाऱ्या माणसाला ते सोसावं लागतं.

ठरलं असं: 100 नजरा पुऱ्या न झालेल्या लेखांना एका यादीत जास्तीत जास्त दोन जागा, आणि त्या चौथ्या जागेपासून खाली. पहिल्या तीन जागा नजरा भरलेल्या लेखांसाठी.

एक मर्यादा मात्र या मार्गाने सुटत नाही. दिवसाला दोनदाच होणाऱ्या शोधात आठव्या जागी 100 नजरा भरायला वर्षाहून जास्त काळ लागेल. आमचे बरेचसे शोध असेच विरळ आहेत. तिथे प्रत्येक शोधाने वेगळं शिकायचं म्हटलं तर बँडिट कधीच शिकणार नाही. तात्पुरतं असं केलं आहे: लेखाला इतर शोधांत मिळालेल्या नजरा आणि क्लिक यांवरून त्याची विरळ शोधातली सुरुवात काढायची, पण तिचं वजन 45 नजरांपेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. एका शोधात उपयोगी पडलेला लेख दुसऱ्यात निरुपयोगी असू शकतो, म्हणून हे बंधन.

16 एप्रिल

लेख ब ने 100 नजरा ओलांडल्या आणि आता बहुतेक वेळा पहिला येतो. पहिल्या जागी 620 वेळा दाखवला, 101 क्लिक, दर 0.163. आठव्या जागी असताना 48 नजरांत 8, म्हणजे 0.167 होता. इतक्या थोड्या क्लिकांवर हा जवळपासचा आकडा योगायोगही असू शकतो. म्हणून असे वर आलेले आणखी 22 लेख पाहिले. खालच्या जागेवरून काढलेला दर आणि वर आल्यावरचा दर यांत एकाच दिशेचा झुकाव नाही. तो असता, म्हणजे वर आल्यावर सगळ्यांचेच दर पडले असते, तर खालच्या जागांची नजर मी कमी धरली होती असा अर्थ झाला असता.

24 एप्रिल

तुलना मात्र चुकली. निम्म्या शोधांवर जुनी क्रमवारी, निम्म्यांवर नवी, अशी दोन आठवडे ठेवली होती. पहिल्या आठवड्यात नवी बाजू थोडी पुढे होती. दुसऱ्या आठवड्यात फरक जवळजवळ मिटला. आधी वाटलं, नवे लेख आजमावण्याची किंमत फायद्याइतकीच भरली.

मग जुन्या बाजूचा स्वतःचा आलेख पाहिला. तीही सुधारत होती, जिला सुधारायचं काही कारणच नव्हतं. लेख ब तिथेही वर चढला होता. जुनी क्रमवारी क्लिकांची जी नोंद वापरते तीत नव्या बाजूचे क्लिकही पडत होते. म्हणजे आजमावण्याची किंमत फक्त नवी बाजू मोजत होती आणि सापडलेलं दोघींमध्ये वाटलं जात होतं. अशा तुलनेत आजमावणं कधीच फायद्याचं ठरणार नाही, ते कितीही चांगलं असलं तरी.

आज दोन्ही बाजूंच्या क्लिक-नोंदी वेगळ्या केल्या. जुन्या बाजूची नोंद 10 मार्चच्या आदल्या दिवसावर परत नेली आणि तिथून फक्त तिच्याच शोधांचे क्लिक मिळवले. लेख ब तिथे पुन्हा चौदावा आहे. ताजी तुलना आजपासून 22 मेपर्यंत चालेल, तोवर दोन्ही बाजूंच्या सुरुवाती आणि नजरेचे अंश गोठवलेले राहतील.